शाळेतील दांडगाई आणि समितीची वही



पोराला रोज सकाळी पोटात दुखते, दवाखान्यात नेले तर काही निघत नाही, आणि रविवारी मात्र ते ठणठणीत असते. असे घरात होऊ लागले की आई आधी खाण्यापिण्यावर शंका घेते. पण दुखणे पोटात नसून शाळेच्या नळावर किंवा वाटेवरही असू शकते. मोठी पोरे लहानाला गाठून छळतात, आणि लहान पोर ते घरी सांगत नाही.

यासाठी शाळेत एक समिती असावी, अशा सूचना केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ साली आपल्या शाळांना दिल्या. त्या समितीत उपमुख्याध्यापक, ज्येष्ठ शिक्षक, डॉक्टर, समुपदेशक, पालक, वकील आणि काही विद्यार्थी असावेत, असे त्यात म्हटले आहे. आपल्या खेड्यातील शाळेत डॉक्टर आणि वकील कोठून आणायचे? तेवढ्यावाचून अडत नाही. मुख्याध्यापक, मुले ज्यांच्यापाशी मन मोकळे करतात असे एक गुरुजी किंवा बाई, शाळा व्यवस्थापन समितीतील एक आई व एक वडील, आणि गावची आशाताई, एवढी पाच माणसे पुरतात. वरच्या वर्गातील एक मुलगा व एक मुलगी सोबत घ्यावी. पण त्यांनी फक्त कोठे काय चालते ते सांगावे. तक्रार ऐकायला त्यांना बसवू नये, नाहीतर उद्या तीच पोरे गोत्यात येतात.

एक नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावा. गावात सगळे एकमेकांचे भाऊबंद असतात. ज्याच्या घरातले किंवा भावकीतले पोर तक्रारीत असेल, त्या सभासदाने त्या बैठकीतून उठून जावे. हा नियम प्रकरण आल्यावर केला तर तो अपमान वाटतो. आधी केला तर कोणाला राग येत नाही.

आता वहीचे बोलू. वही शिवलेली असावी, पानांना आकडे घातलेले असावेत, आणि ती कुलपात राहावी. सुट्या कागदावरची तक्रार हरवते, किंवा कोणी ती हरवू देतो. नोंदीत तारीख, वेळ आणि जागा लिहावी. कोणी सांगितले, कोणी केले, कोणी पाहिले, याआधी किती वेळा झाले, त्याच दिवशी शाळेने काय केले आणि पुन्हा कधी पाहायचे, हेही लिहावे. ‘मुले मस्ती करत होती’ असे मात्र लिहू नये. मुलाने जे शब्द सांगितले तेच लिहावेत, मग ती शिवी असो की जातीवरून बोललेले असो. प्रत्येक मुलाचे म्हणणे वेगवेगळे बसवून घ्यावे. एकत्र बसवले की सर्वांत दांडगा मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

प्रत्येक भांडण म्हणजे दांडगाई नव्हे. नॉर्वे देशात या विषयाचा अभ्यास करणारे डॅन ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो, आणि सोसणाऱ्याला उलटून उत्तर देण्याचे बळ नसते. बरोबरीची दोन पोरे गोट्यांवरून भांडली तर ते गुरुजींनी मिटवावे. तिन्ही खुणा दिसल्या तर ते काम समितीचे.

एक उदाहरण घेऊ. सहावीतला एक मुलगा बोलताना अडखळतो आणि वस्तीवरून चालत येतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या २० दिवसांत तो ७ दिवस गैरहजर. आई शाळेत येऊन बाईंना सांगते. बाई त्याला एकट्याला विचारतात, तेव्हा कळते की मधल्या सुट्टीत सातवीचे तिघे नळावर त्याची बाटली ओततात आणि त्याच्या बोलण्याची नक्कल करतात. बाई ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतात. तिघांपैकी एक जण समितीतल्या वडिलांचा पुतण्या निघतो, म्हणून ते बैठकीला बसत नाहीत. तिघांना वेगवेगळे विचारले, तेव्हा दोघे तिसऱ्याच्या भीतीने सामील होते असे दिसते. तिघांच्याही आईवडिलांना बोलावून झालेली गोष्ट सांगितली जाते. मधल्या सुट्टीत नळापाशी एक गुरुजी उभे राहू लागतात.

बहुतेक ठिकाणी गोष्ट येथेच संपते. माफी मागितली, हातात हात दिले, वहीत ‘मिटले’ असे लिहिले. पण वहीत पुढची तारीख होती, म्हणून आठव्या दिवशी बाईंनी हजेरीपट काढला. नळावर शांतता होती, तरी पोर दोन दिवस आले नव्हते. पुन्हा एकट्याला विचारले. आता तेच पोरगे त्याला शाळा सुटल्यावर कालव्याच्या पुलावर अडवत होते. त्रास थांबला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती. मग वस्तीवरची चार पोरे एकत्र जाऊ लागली, आणि अडवणाऱ्या मुलाच्या वडिलांनी महिनाभर त्याला स्वतः शाळेतून न्यायचे ठरले. महिन्याने पाहिले तर २४ दिवसांत गैरहजेरी दोनच दिवस. तरीही नोंद बंद केली नाही. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर एकदा विचारून मगच ती बंद करायची, असे लिहिले.

म्हणजे आठ दिवसांनी, महिन्याने आणि पुढच्या सत्राच्या आरंभी, असे तीनदा पाहावे. मुलाला समोरासमोर ‘आता बरे आहे ना?’ विचारले तर तो हो म्हणतो. हजेरीपट खोटे बोलत नाही. शिक्षेपायी मारू नये, आठवीपर्यंत नाव काढू नये. शिक्षण हक्काच्या कायद्याने दोन्हींस मनाई आहे.

सत्राअखेर समितीने पूर्ण वही वाचावी, पण नावांसाठी नव्हे, जागा आणि वेळ यांसाठी. एकाच नळावरच्या तीन नोंदी असतील तर तेथे माणूस ठेवावा. आणि वही कोरीच राहिली तर खूश होऊ नये. सांगायला पोरे भितात, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर समितीने चौकशी करत बसू नये आणि गावात मिटवूही नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन फुकट आहे.

येत्या पालकसभेला गेलात तर दोन गोष्टी विचारा. आमच्या शाळेत अशी वही आहे का, आणि शेवटच्या नोंदीपुढे पुन्हा पाहण्याची तारीख लिहिली आहे का? नावे दाखवायला सांगू नका. ती कोणाच्या तरी पोराची आहेत. तारीख तेवढी पाहा.