निघालो, पोहोचलो : निरोप धाडणारा फोन

पेढी मिटण्याची वेळ झाली की घरातील मंडळींच्या मनात एकच प्रश्न असतो : निघाले असतील का? फोन लावावा, तर समोर शेवटचे गिऱ्हाईक असते; थोडे थांबून लावावा, तर तोवर माणूस गाडीवर असतो. निघताना स्वतःहून कळवण्याचे प्रत्येकजण कबूल करतो, परंतु हिशेब मिटवून शटर ओढण्याच्या घाईत नेमके तेच राहून जाते. आयफोनमधील शॉर्टकट्स या ॲपला हे काम सोपवता येते. मात्र तो निरोप कशाच्या आधारावर निघतो, हे घरच्यांनी समजून घेतले नाही, तर सोयीऐवजी काळजीच वाढते.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागात दोन भावांची पेढी आहे. रात्री गाळा बंद करण्याचे काम धाकट्या भावाकडे असून तो कोंढव्याला राहतो. तो निघाला की घरी पत्नीला कळावे आणि घरी पोहोचला की थोरल्या भावाला कळावे, एवढीच अपेक्षा आहे. यासाठी धाकट्याच्या फोनवर दोन स्वतंत्र योजना कराव्या लागतात. एक निघण्याची, दुसरी पोहोचण्याची.

शॉर्टकट्स उघडून खालच्या बाजूचे Automation निवडावे आणि अधिक चिन्हावर बोट ठेवावे. येणाऱ्या यादीतून निघण्यासाठी Leave घ्यावे. Location समोरील Choose दाबून नकाशावर मार्केट यार्ड शोधावे. तेथे ठिकाणाभोवती एक वर्तुळ दिसते आणि ते ओढून लहानमोठे करता येते. त्यानंतर Any Time ऐवजी Time Range निवडून सायंकाळी 7 ते रात्री 10 ही वेळ द्यावी. शेवटी Run Immediately निवडणे महत्त्वाचे आहे. Run After Confirmation राहिले, तर फोन प्रत्येक वेळी आधी परवानगी मागतो आणि खिशातील फोनला ती कोण देणार? पूर्वीच्या आवृत्त्यांत ठिकाणावर चालणाऱ्या योजनांना ही विचारणा टळत नसे. म्हणून फोनवर iOS 17 किंवा त्यापुढची आवृत्ती असावी.

यापुढे New Blank Automation मध्ये जाऊन Send Message ही क्रिया घ्यावी, मजकूर लिहावा आणि पत्नीचा क्रमांक निवडावा. या क्रियेतील लहान बाण दाबला की Show When Run असा पर्याय दिसतो. तो बंद करावा. तो चालू राहिल्यास निरोप तयार होऊन पडद्यावर थांबतो आणि पाठवण्याचे बटण कोणी दाबेपर्यंत जात नाही. सर्व झाल्यावर खालच्या त्रिकोणी खुणेने एकदा हाताने चालवून पाहावे. पहिल्या वेळी फोन परवानगी विचारील. तेथे Always Allow द्यावे. पोहोचण्याची योजना याच रीतीने, केवळ Leave च्या जागी Arrive घेऊन आणि कोंढव्याचे घर दाखवून करावी.

निरोप मेसेजेसमधून जातो. समोरच्याकडे आयफोन नसेल, तर तो साधा एसएमएस म्हणून जाऊ शकतो. म्हणून फोनच्या योजनेत एसएमएस शिल्लक असावेत. व्हॉट्सॲपसाठी अनेकजण wa.me ची लिंक उघडण्याची युक्ती वापरतात. परंतु तिने मजकूर भरलेली चौकट तेवढी उघडते. पाठवण्यासाठी बोट लावावेच लागते. गाडीवर असलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

आता सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट, म्हणजे ते वर्तुळ. फोनला पेढी कळत नाही, उंबरठाही कळत नाही. त्याला केवळ वर्तुळाची कड कळते. गाळ्याभोवती 100 मीटरचे वर्तुळ आखले, तर धाकटा पलीकडच्या ओळीत चहाला गेला किंवा ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बिल्टी आणायला गेला, तरी घरी ‘निघालो’ म्हणून निरोप जाईल. चार दिवस असे झाले की घरचे त्या निरोपाकडे पाहणेच सोडतील. म्हणून यार्डाचा नेहमीच्या वावराचा भाग आत येईल इतके वर्तुळ मोठे करावे. यार्डाचे फाटक ओलांडणे म्हणजेच घरी निघणे, असा अर्थ मग आपोआप जुळतो. वेळेची मर्यादाही याचसाठी दिली आहे. दुपारी बँकेत गेलेला माणूस तिच्यामुळे ‘निघालेला’ ठरत नाही.

घराचे वर्तुळ उलट लहान ठेवावे, नाहीतर दोन चौक अलीकडेच ‘पोहोचलो’ असा निरोप जातो. तरीही ते फारच आवळून उपयोग नाही, कारण फोन कडेवरून लगेच निर्णय घेत नाही. सीमेवरील चुकीचे इशारे टाळण्यासाठी कड ओलांडून थोडे पुढे जाणे आणि तेथे निदान 20 सेकंद राहणे, एवढे तो पाहतो. त्यामुळे निरोप थोडा उशिरा येणे हा बिघाड नव्हे.

बिघाड ओळखण्याची खूण वेगळी आहे. माणूस गाळ्यातच बसलेला असताना ‘निघालो’ आला, तर पत्र्याच्या छपराखाली फोनला उपग्रहांचा संकेत नीट मिळत नसून त्याचा अंदाज इकडेतिकडे उडत आहे, असे समजावे. वर्तुळ आणखी वाढवावे आणि फोनचे वायफाय चालू ठेवावे, कारण आसपासच्या वायफायवरूनही तो जागा ठरवतो. निरोप कधीच येत नसेल, तर सेटिंग्जमधील Location Services बंद आहे का ते पाहावे. घरी बसून पोहोचण्याची योजना केली आणि निरोप गेला नाही, तर घाबरू नये. फोन आधीच वर्तुळात असतो, एकदा बाहेर जाऊन परत आल्याखेरीज ती चालणार नाही.

मजकूर लिहितानाही तारतम्य हवे. रोकड, मार्ग किंवा सोबत कोण आहे, यांचा उल्लेख त्यात नसावा. रोज ठरल्या वेळी जाणारा असा निरोप चुकून दुसऱ्याच्या हाती पडला, तर त्यातून पेढीची दिनचर्या कळते. ‘निघालो’ एवढा शब्द पुरेसा आहे.

शेवटी घरच्यांशी एक गोष्ट स्पष्ट बोलून ठेवावी. ‘पोहोचलो’ याचा अर्थ फोन पोहोचला, इतकाच आहे. आणि निरोप न येणे याला तर काहीच अर्थ नाही. बॅटरी संपली असेल, नेटवर्क नसेल, किंवा माणूस खरोखरच अडचणीत असेल. शॉर्टकट्सला शांततेची दखल घेता येत नाही. जेथे तीच दखल महत्त्वाची आहे, म्हणजे रात्री एकट्याने परगावाहून येताना, तेथे मेसेजेसमधील Check In वापरावे. ते दर वेळी हाताने सुरू करावे लागते आणि दोन्हीकडे आयफोन हवा. पण माणूस ठरल्याप्रमाणे पुढे सरकत नसेल, तर ते आधी त्यालाच विचारते आणि 15 मिनिटांत उत्तर न मिळाल्यास घरच्यांना कळवते. रोजच्या वाटेसाठी मात्र दोन्ही भावांनी एवढे ठरवावे : ‘निघालो’ येऊन पाऊण तास झाला आणि ‘पोहोचलो’ आले नाही, तर थोरल्याने वाट न पाहता फोन लावायचा.