भूमिगत टाकीचे खरे माप

घर बांधताना जमिनीखालच्या टाकीचे माप बहुधा उरलेल्या जागेवरून ठरते. वास्तविक ते घरातील माणसे आणि पाण्याच्या दोन पाळ्यांमधील दिवस यांवरून ठरावयास हवे.

आठ माणसांचे कुटुंब घेऊ. शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रचलित मान आहे. म्हणजे दिवसाला १०८० लिटर. नळाला पाणी दर चौथ्या दिवशी येत असेल, तर एका पाळीपासून दुसरीपर्यंत ४३२० लिटर लागतील. पाळी एखादा दिवस लांबतेच, म्हणून पाच दिवसांचे ५४०० लिटर धरावे.

आता खड्डा. आतून २.४ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद टाकीचा तळ ३.६ चौरस मीटर होतो. एका घनमीटरात १००० लिटर मावतात; तेव्हा ५४०० लिटरसाठी दीड मीटर खोली पुरते, असे कागदावर दिसते. बहुतेकांची फसगत येथेच होते. पंपाचा फूट व्हॉल्व्ह तळापासून साधारण १५ सेंटिमीटर वर ठेवावा लागतो, नाहीतर गाळ ओढला जातो. वरच्या बाजूसही नळाचे तोंड पाण्याच्या वर राहण्यासाठी सुमारे ३० सेंटिमीटर मोकळे सोडावे लागतात. राहिले १.०५ मीटर, म्हणजे ३७८० लिटर. बाकीचे माप बुडीत येण्यासारखे आहे. वहीत दिसते, हाती येत नाही. साडेतीन दिवसांत टाकी कोरडी पडते आणि चौथ्या दिवशी टँकर मागवावा लागतो. म्हणून आतली खोली १.९५ मीटर हवी, आणि गवंड्याशी बोलताना ‘किती लिटरची’ असे न विचारता ‘उपसता येणारे किती’ असे विचारावे.

खोदण्यापूर्वी आणखी एक पडताळणी करावी. पाळीच्या वेळी, टाकीत नळ जेथे उघडणार त्या उंचीवर, १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. वीस सेकंद लागले, तर दोन तासांत ५४०० लिटर जमतील. चाळीस सेकंद लागले, तर २७०० लिटरच मिळतील. चार दिवसांत माणशी रोज अवघे ८४ लिटर. अशा घरी मोठा खड्डा खोदून काही साधत नाही. आधी मोठी जोडणी, बोअरवेल किंवा छतावरील पावसाचे पाणी यांचा विचार करावा.

टाकी बांधून झाल्यावर ती भरावी, चोवीस तास पंप व नळ दोन्ही बंद ठेवावेत आणि भिंतीवर खूण करून पातळी पाहावी. या टाकीत एक सेंटिमीटरची घट म्हणजे ३६ लिटरची गळती. आतले प्लॅस्टर दुरुस्त होईपर्यंत अशा टाकीचा ताबा घेऊ नये. कारण ज्या फटीतून पाणी बाहेर जाते, त्याच फटीतून टाकी रिकामी असताना जमिनीतील दूषित पाणी आत येते.