ऋणको गृहस्थाचा अपरिग्रह

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. देशभूषण आणि कुलभूषण या दोन मुनींच्या निर्वाणाचे स्थान म्हणून त्याची ख्याती. याच ठिकाणी आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली सल्लेखना स्वीकारली आणि १८ सप्टेंबर रोजी देह ठेवला. मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ यांपलीकडे दिगंबर मुनीपाशी काही नसते; अंती आचार्यांनी आहाराचाही त्याग केला. अपरिग्रहाचे याहून पूर्ण रूप शोधूनही सापडणार नाही.

परंतु या डोंगराच्या पायथ्याशी जी गावे वसली आहेत, तेथील गृहस्थाचे जीवन वेगळ्याच सूत्राने बांधलेले असते. बँकेचे पीककर्ज, कोणाकडून तरी घेतलेले हातउसने, मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी. अशा माणसापुढे अपरिग्रहाचा शब्द उच्चारला की तो दोनच गोष्टी करू शकतो: मुनींना नमस्कार करून तो विषय त्यांच्यापुरता मानतो, किंवा आपल्यापाशी काहीच नाही, तेव्हा आपण आपोआपच अपरिग्रही आहोत, असे कडवट हसून म्हणतो. वस्तुतः जैन आचारशास्त्राने या दोन्ही उत्तरांना जागा ठेवलेली नाही. गृहस्थासाठी त्याने निराळे व्रत सांगितले आहे, आणि ते कर्जदारालाही लागू पडते.

या व्रताचे नाव परिग्रहपरिमाण. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त त्याला इच्छापरिमाण असेही म्हटले आहे, आणि हे दुसरे नाव अधिक अर्थपूर्ण आहे. गृहस्थाने सर्वस्व टाकावे, अशी येथे अपेक्षा नाही. शेत, घर, सोने-चांदी, पशुधन, धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा आपणच ठरवावी आणि तिच्यापलीकडील वस्तूंची इच्छा सोडावी, एवढेच व्रत. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’ने तर परिग्रहाची व्याख्याच वस्तूवर न बेतता मूर्च्छेवर, म्हणजे ‘हे माझे’ या गुंगीवर बेतली आहे. त्यामुळे ज्याच्या घरात काही नाही पण मनात सारे आहे, तो अपरिग्रही ठरत नाही. दारिद्र्य आणि अपरिग्रह यांच्यातील सीमारेषा येथेच आखली गेली.

या व्रताचे जुने उदाहरण श्वेतांबर आगमांपैकी ‘उपासकदशा’ या ग्रंथात आहे. महावीरांचा उपासक आनंद हा गडगंज श्रीमंत. चार कोटी सुवर्ण कोठारात, चार कोटी व्याजाने लावलेले, चार कोटी घरसंसारात. शिवाय गाईंचे चार कळप आणि पाचशे नांगरांची शेती. व्रत घेताना त्याने हे काहीच टाकले नाही. जेवढे आहे तेवढ्यावर रेघ ओढली आणि यापुढे वाढ नको असे ठरविले. हा त्याग फारच स्वस्त, असे कोणी म्हणेल. पण व्रताची कसोटी घेण्याच्या दिवशी नसते. पुढच्या सुगीला, जेव्हा वाढीव उत्पन्न दारात येते, तेव्हा ती लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. व्याजाने लावलेले धनही आनंदाने मर्यादेत मोजले. म्हणजे ऋणकोप्रमाणेच धनकोलाही हे व्रत मोकळे सोडत नाही.

आता कर्जाकडे वळू. परिग्रहाच्या शास्त्रीय यादीत कर्जाचे नाव नाही. ती जोड आजच्या गृहस्थालाच द्यावी लागेल. मात्र ती कोठे द्यावयाची, हे दुसऱ्या व्रतांवरून उमगते. सत्यव्रताच्या अतिचारांत, म्हणजे दोषांत, न्यासापहार हा एक आहे: कोणी ठेव ठेवली आणि विसरून कमी मागितली, तर उरलेली गिळून गप्प बसणे. दुसऱ्याचे धन आपल्या ताब्यात आहे एवढ्याने ते आपले होत नाही, हा त्यामागील विचार. कर्जाऊ रक्कम ही ठेव नव्हे, ती वापरण्यासाठीच दिलेली असते हे खरे. पण परतफेडीचा हक्क धनकोचाच राहतो. तेव्हा ‘मला धनाची आसक्ती नाही’ असे म्हणून हप्ता चुकविणारा आणि त्याच पैशातून मंदिराला देणगी देणारा गृहस्थ अपरिग्रही नव्हे. त्याने दिलेले दान दुसऱ्याचे आहे. ऋणकोच्या अपरिग्रहाची पहिली पायरी म्हणूनच परतफेड हीच ठरते.

दुसरी पायरी समजण्यासाठी एक कल्पित पण या जिल्ह्यात परिचित वाटेल असा हिशेब मांडणे सोयीचे होईल. समजा, एका कुटुंबाची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तीत ३० क्विंटल सोयाबीन झाले. घरावर दरमहा शेकडा तीन रुपये दराने घेतलेले एक लाखाचे खाजगी कर्ज आहे. भाव वाढेल या आशेने कार्तिकात माल न विकता तो सहा महिने घरात ठेवला. महिन्याला तीन हजार याप्रमाणे सहा महिन्यांचे व्याज १८ हजार झाले. म्हणजे क्विंटलमागे ६०० रुपये भाववाढ झाली तरच बरोबरी. साठवणुकीतील घट त्यात धरलेलीच नाही. भाव ४०० रुपयांनी वाढला, तर गृहस्थ १२ हजार मिळाल्याच्या आनंदात असतो आणि प्रत्यक्षात सहा हजार गमावून बसतो.

समंतभद्रांनी या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. अतिवाहन आणि अतिभारवाहन, म्हणजे लोभापायी बैलांना शक्तीबाहेर चालविणे व त्यांच्यावर अधिक ओझे लादणे, हे दोन जनावरांसंबंधीचे. उरलेले तीन बाजारासंबंधीचे. मोठ्या नफ्याच्या आशेने धान्य साठवून ठेवणे हा अतिसंग्रह. दुसऱ्याला त्याच मालात अधिक मिळाले म्हणून खंत करीत बसणे हा विस्मय. आणि योग्य लाभ पदरात पडूनही आणखी हवे असे वाटणे हा लोभ. टीकाकार प्रभाचंद्रांनी या शब्दांचे विवरण याच दिशेने केले आहे. शेजाऱ्याने आठ दिवस थांबून चार पैसे अधिक मिळविले, या दुःखाने ज्याची झोप उडते, त्याचा माल विकला गेला असला तरी परिग्रह घरातच राहिला.

मात्र माल ठेवणे हे सदैव पाप, असा सरसकट निष्कर्ष काढणे चूक होईल. वर्षाचे धान्य आणि पुढच्या पेरणीचे बियाणे हा संग्रह नव्हे, ती गरज आहे. शिवाय वरील हिशेब व्याजदरावर अवलंबून आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला शेकडा ९ आणि विनातारण कर्जावर शेकडा १२ हीच कमाल मर्यादा ठरविण्यात आली. म्हणजे दरमहा तीन टक्क्यांचा व्यवहार मुळातच बेकायदा होय. शेकडा १२ दराने तेच सहा महिन्यांचे व्याज सहा हजार, आणि बरोबरी क्विंटलमागे अवघ्या २०० रुपयांवर होते. तेथे थांबणे हा शहाणपणाही असू शकेल. आसक्तीची खूण साठ्याच्या आकारात नसते. गृहस्थ हा हिशेब कागदावर मांडण्यास तयार आहे की मांडायचे टाळतो, यात ती असते.

तिसरा प्रश्न कुटुंबाचा आणि तो सर्वांत नाजूक. मुलीच्या लग्नासाठी दोन लाख शिल्लक असताना सहा लाखांचा बेत ठरतो, तेव्हा वरचे चार लाख कोणत्या खात्यात घालावयाचे? जैन शास्त्र बाह्य परिग्रहाचे दहा आणि अंतरंग परिग्रहाचे चौदा प्रकार मानते. त्या चौदांत क्रोध आणि लोभ यांच्या जोडीला मान आहे. मुलीचा संसार मांडून देणे हे कर्तव्य. भावकीत मान खाली जाऊ नये म्हणून काढलेले कर्ज हा परिग्रह. या दोहोंची सरमिसळ करूनच बहुतेक मोठी कर्जे घरात येतात.

हे कर्ज टाळण्यासाठी घरातील सोने मोडावे, असा सल्ला सहज दिला जातो. सोने परिग्रहाच्या यादीत आहे, पण ते कोणाचे? पत्नीचे स्त्रीधन हे तिचे आहे. पतीने व्रत घेतले म्हणून तिच्या अंगावरील दागिना मोडता येत नाही. अपरिग्रह स्वतःच्या वस्तूंपुरताच आचरता येतो. दुसऱ्याच्या वस्तूंवर तो आचरणे ही निव्वळ सत्ता आहे.

मुलांसाठी काही ठेवणे हाही परिग्रह काय? जिनसेनाचार्यांच्या ‘महापुराणा’त दानाचे चार प्रकार आहेत आणि त्यांत अन्वयदत्ती हा एक आहे: घराचा भार आणि धन पुत्राच्या स्वाधीन करणे. श्रावकाच्या अकरा प्रतिमांत, म्हणजे पायऱ्यांत, परिग्रहत्याग नवव्या क्रमांकावर येतो, तो यामुळेच. तत्पूर्वी गृहस्थाने घर चालविणे शास्त्राला मान्य आहे. पण भार सोपवावयाचा तर देण्याची वहीही सोपविली पाहिजे. बाप गेल्यावर दाराशी आलेल्या माणसाकडून ज्या मुलाला कर्जाचा आकडा प्रथम कळतो, त्याला वारसा नव्हे, फसवणूक मिळाली.

या विचाराची मर्यादाही स्पष्ट असावी. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात पुराने पिके आणि मातीही वाहून नेली. ज्याचे शेत खरवडून गेले, त्याच्यापुढे अपरिग्रहाचे प्रवचन करणे निर्दयपणाचे होय. गमावणे म्हणजे त्याग नव्हे. त्यागाला आधी हाती काही असावे लागते आणि ते सोडण्याचे स्वातंत्र्यही असावे लागते. अशा वेळी मिळालेली मदत वा माफी घेण्याने कोणाचे व्रत मोडत नाही. ते मोडते, फेडण्याची ऐपत असून माफीची वाट पाहत बसण्याने.

तेव्हा गृहस्थाला करावयाचे ते इतकेच: आपल्या परिग्रहाची यादी लिहावी, तिच्याखाली कर्जाची एक ओळ वाढवावी आणि दोन्हींना मर्यादा घालावी. बरे-वाईट वर्ष धरून मध्यम उत्पन्नातून घरखर्च आणि बियाणे वजा जाता जे उरेल, त्याच्या आत वर्षाचे सारे हप्ते बसावेत. त्यापलीकडे कर्ज नको. एखाद्या सुगीला मर्यादेवर काही आले, तर प्रथम देणे, मग दान. कुंथलगिरीच्या डोंगरावर ज्या व्रताची परिसीमा झाली, त्याची पायथ्याकडील सुरुवात एवढी साधी आणि एवढी अवघड आहे.