उंदीर गेले, मग आता चावतंय कोण?

घरात कुत्रा नाही, मांजर नाही, मग पिसवा येतीलच कुठून? हा प्रश्न मला वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी ऐकावा लागतो. कीटक नियंत्रणाच्या कामात बरीच वर्षं गेल्यामुळे लोक विचारतात. त्यावर मी एक उलटा प्रश्न करतो, "सोसायटीत उंदीर मारायचं काम नुकतंच झालंय का?" बहुतेक वेळा समोरचा जरा थांबतो आणि म्हणतो, "हो, पंधरा दिवस झाले असतील. पण त्याचा काय संबंध?"

संबंध आहे. थेट आहे.

ठाण्यातल्या एका जुन्या चार मजली सोसायटीचं सांगतो. शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडली आणि तिथले उंदीर ह्यांच्या डक्टमध्ये आणि मीटर रूममध्ये आले. कमिटीने सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम दिलं. त्याने ब्रोमॅडिओलोनचे केक बिळांशी आणि गटाराच्या कडेला ठेवले. हे औषध रक्त गोठू देत नाही, त्यामुळे उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस किंवा जास्तही लागतात, आणि तो मरतो बहुतेक बिळातच. आठवड्याभरात खुडबुड बंद झाली. ग्रुपवर अंगठे आणि फुलं पडली. दहाव्या दिवशी डक्टमधून वास यायला लागला. हाताला लागले ते दोन मेलेले उंदीर काढले, बाकीचे आत राहिले.

त्यानंतर तीन-चार दिवसांत तळमजल्यावरच्या आजींच्या घोट्याभोवती लाल फोड उठले. दोन-तीन जवळजवळ, मध्ये बारीक टिंब, आणि खाज अशी की रात्र जागून काढावी. सुनेला वाटलं डास. डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून मलम दिलं. मग घरच्यांनी ढेकूण ठरवले, गाद्या उन्हात टाकल्या, पलंगावर दोनदा फवारणी केली. सहा हजार रुपये गेले आणि फोड तसेच. शेवटी तर "आजींना वयामुळे भास होतात" इथपर्यंत मजल गेली. मला ह्याचा राग येतो. चावणारं दिसत नाही म्हणून चावलेल्या माणसालाच खोटं पाडायचं, ही आपली सोपी पद्धत.

खरं तर फोड कुठे आहेत तेवढं नीट पाहिलं असतं तरी पुरे होतं. ढेकूण झोपेत चावतो, त्यामुळे खुणा हात, मान, पाठ, जे उघडं असेल तिथे मिळतात, आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसतात. आजींच्या सगळ्या खुणा गुडघ्याखाली होत्या आणि दिवसासुद्धा नव्या उठत होत्या. पिसू जमिनीवरून उडी मारते, ती साधारण वीतभर, म्हणून घोटे आणि पोटऱ्याच सापडतात. दुसरी गोष्ट, त्रास मागच्या बाजूला, डक्टला लागून असलेल्या मोरीत जास्त होता. मी सुनेला पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून तिथे पाच मिनिटं उभं राहायला सांगितलं. मोज्यांवर तपकिरी रंगाचे तीन जीव. दोन-तीन मिलिमीटरचे, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे, आणि चिमटीत चिरडले जाईनात इतके टणक. चिकटपट्टीवर धरून भिंगाखाली पाहिले. मांजराच्या पिसवेला गालाशी आणि मानेमागे कंगव्यासारखे काटे असतात. ह्यांना नव्हते. उंदरावरची पिसू.

आता उंदीर मेल्यावरच ती का आली? पिसू उंदरावर पोट भरते, पण तिचं बाकी कुटुंब बिळात असतं. अंडी तिथेच पडतात. अळ्या चावत नाहीत, त्या बिळातल्या कचऱ्यावर आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेतल्या वाळलेल्या रक्तावर वाढतात. मग अळी रेशमाचा कोष करते, त्याला धूळ चिकटते आणि तो डोळ्यांना दिसेनासा होतो. उंदीर जिवंत असेपर्यंत ह्या सगळ्यांचा डबा घरपोच येत असतो, तुमच्याकडे कशाला बघतील? उंदीर मेला, अंग थंड पडलं की अंगावरच्या पिसवा उतरतात. वर कोषातल्या नव्या पिसवा पुढचे दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, बाहेर पडतच राहतात. ऊब, श्वास, पावलांचा हादरा जाणवला की त्या निघतात. ही ऊब आता कोणाची? आजींची.

हे मुंबईला नवीन नाही. पोल-लुई सिमोन ह्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरून उंदरावर नेते ती पिसू. नंतर १९०५ पासून परळला प्लेग कमिशनने गिनीपिग पिंजऱ्यात ठेवून हेच तपासलं. जमिनीलगतचे प्राणी सापडले, पिसवेच्या उडीच्या वर टांगलेले वाचले. आधी उंदीर पडतात आणि दीड-दोन आठवड्यांनी माणसं आजारी पडतात, हे अंतरही त्यांनी नोंदवलं. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्यातही प्लेगच्या आधी उंदीर पडल्याच्या आणि पिसवांच्या तक्रारी आल्या होत्या. म्हणूनच प्लेगच्या कामात नियम पक्का आहे: आधी पिसवा मारा, मग उंदीर.

आज आजींना प्लेग होईल असं मी अजिबात म्हणत नाही, उगाच कोणी घाबरू नका. पण ह्याच पिसवेमुळे होणारा एक टायफस ताप आपल्याकडे आहे. तो चाव्यातून कमी आणि पिसवेची विष्ठा खाजवताना जखमेत चोळली गेल्याने जास्त होतो. फोडांनंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना उंदीर आणि पिसवांचं आवर्जून सांगा. नाहीतर सगळ्या तपासण्या डेंग्यू-मलेरियाच्याच होत राहतात.

माझी खरी तक्रार कामाच्या कंत्राटावर आहे. सोसायटीचं असो की सरकारी, हिशोब मेलेल्या उंदरांच्या नगावर. नगावर पैसे म्हटल्यावर बिळात आधी पावडर कोण मारणार? काम अवघड नाही. बिळांच्या तोंडाशी आणि येण्याजाण्याच्या वाटेवर डेल्टामेथ्रिनसारखी पावडर टाकायची, उंदीरच ती अंगावरून आत घेऊन जातो. दोन-तीन दिवस थांबून मग पिंजरे लावायचे. पिंजरा मला केकपेक्षा बरा वाटतो, कारण उंदीर हातात येतो, भिंतीत कुजत नाही. शेवटी बिळं आणि पाइपभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवायच्या. खर्च थोडा वाढतो, पण आजींच्या घरचे सहा हजार कोणी मोजले?

आजींकडे शेवटी काय केलं ते सांगतो. डक्टमधली चिंध्या-कागदांची घरटी हातमोजे घालून पिशवीत बांधून काढली, फटी बंद केल्या, जमिनीलगत आणि डक्टमध्ये परवानाधारक माणसाकडून फवारणी केली. मग दोन आठवडे रोज व्हॅक्यूम, कोपऱ्यांसकट, आणि त्यातला कचरा लगेच बाहेर. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, ते हवंच असतं, कारण कोषात असेपर्यंत औषध त्यांना लागत नाही. म्हणूनच फवारणीनंतरही आठवडाभर एखाद-दुसरी चावली तर "औषध खोटं होतं" असं समजू नका. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी केली. तिसऱ्या आठवड्यात मोजे कोरे निघाले. महिन्यानंतरही मोज्यांवर पिसवा मिळत असतील, तर एखादं चालू बीळ राहिलंय किंवा जिन्याखाली मांजर व्यायलंय, तिकडे बघायचं.

ह्या सोसायटीच्या पुढच्या सभेत केकच्या कंत्राटाचं नूतनीकरण विषयपत्रिकेवर आहे. सूनबाईंनी मोज्यांचे फोटो आत्ताच सेक्रेटरींना पाठवलेत.