‘नवीन तारीख कळवतो’

आरे-वारेच्या चढावर आमची बावीस गुंठे जमीन आहे आणि सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घ्यायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. एक जण नाही म्हणाला की दिवाणी दावा आणि वर्षानुवर्षांच्या खेपा. म्हणून चौदा जणांना एका ओटीवर बसवणं हेच आमचं खरं काम होतं. रविवार 22 फेब्रुवारीची तारीख ठरायला तीन महिने गेले आणि ती मोडायला एका पुतण्याला दोन ओळी पुरल्या.

पहाटे पाच पन्नासला ग्रुपवर निरोप आला: ‘अपरिहार्य कारणामुळे आजची मीटिंग कॅन्सल. सॉरी. नवीन तारीख कळवतो.’ बैठक बोलावली होती त्यानेच. वाटपाचा कच्चा नकाशाही त्याच्याचकडे. माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या त्या वेळी तुतारी एक्सप्रेसमध्ये झोपलेली होती. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा ओलांडून गाडी रत्नागिरीला लागली, ती रिक्षाने दारात आली आणि निरोप तिला मी सांगितला. तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, ‘मग मला काल का नाही सांगितलं?’

हा प्रश्न मी पुतण्याला फोनवर विचारला. ऑफिसात थांबावं लागणार हे त्याला शनिवारी रात्री आठलाच कळलं होतं. तुतारी दादरहून सुटते रात्री बाराच्या सुमारास. हाताशी चार तास होते. आत्या तोवर डोंबिवलीच्या घरातच होती, पिशवी भरत होती. एका फोनने तिचा प्रवास वाचला असता. ‘काय सांगायचं ते सुचत नव्हतं, काका,’ असं तो म्हणाला. मला संताप येतो तो नेमका इथे. सबब शोधण्यात घालवलेला प्रत्येक तास दुसऱ्याच्या खिशातून जातो. कारण पटेल की नाही याची चिंता स्वतःच्या अब्रूसाठी असते, गाडीत बसणाऱ्या म्हातारीसाठी नसते. अडचण कुणालाही येते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तारीख मोडणार हे कळल्या क्षणी आधी त्यांना फोन करायचा, जे अजून निघालेले नाहीत पण निघणार आहेत. ग्रुपवरचा निरोप त्यानंतर, कारण झोपलेल्या माणसाला ग्रुप उठवत नाही.

दुपारी त्याचा दुसरा निरोप आला, वीस ओळींचा. साहेब कसे ऐनवेळी अडवतात, त्याला किती वाईट वाटतंय, रात्रभर झोप कशी नाही, सगळं होतं. तारीख मात्र नव्हती. लांबलचक माफी ही वाचणाऱ्यावर लादलेलं काम असते: आता त्यानेच ‘असू दे रे’ म्हणून समजूत काढायची. आत्याने ती काढलीही. चिडायचा हक्क तिचा होता, तोही त्याने काढून घेतला.

मी त्याला फोनवर मजकूर सांगितला आणि लिहून घे म्हटलं:

‘रविवार 22 फेब्रुवारीची आऱ्यातली बैठक रद्द. मला ऑफिसात थांबावं लागतंय. गैरसोयीबद्दल माफी मागतो. पुढची बैठक रविवार 26 एप्रिल, सकाळी 10, त्याच घरी. ते जमत नसेल तर शुक्रवार 1 मे, त्याच वेळी. 24 फेब्रुवारीच्या रात्रीपर्यंत कळवा.’

पहिला शब्द वार, मग तारीख आणि ‘रद्द’, म्हणजे उघडताच कळतं. कारण एका वाक्यात, माफी एका वाक्यात. आणि चोवीस तारीख उगाच नाही. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे 26 एप्रिलचं 25 फेब्रुवारीला. त्या सकाळी तिकीट काढलं नाही तर सुट्टीच्या हंगामात कोकणची गाडी मिळत नाही, आणि ऐनवेळचं तत्काळ तिकीट पक्कं झाल्यावर रद्द केलं तर पैसे परत येत नाहीत. यापेक्षा उशिरा जायचं तर पाऊस लागतो आणि गवत वाढलं की चढावरची हद्द दिसत नाही. नवी तारीख द्यायची ती आपली सोय बघून नव्हे, ज्याला यायला सगळ्यात जड जातं त्याला आधी विचारून. इथे ती माझी आत्या. तिला मी ओटीवरच विचारलं होतं. दोन्ही दिवस जमतील म्हणाली.

दोनच पर्याय, तेही याच कारणाने. ‘तुम्हाला कधी जमेल ते सांगा’ म्हटलं की चौदा जणांची अठ्ठावीस उत्तरं येतात आणि तारीख ठरवायचं ओझं ज्यांची खेप फुकट गेली त्यांच्याच डोक्यावर बसतं. मोडणाऱ्याने मांडायचं, बाकीच्यांनी हो किंवा नाही म्हणायचं.

पुतण्या ‘हो काका’ म्हणाला. चोवीसची रात्र झाली, पंचवीसची सकाळ झाली, ग्रुपवर काही आलं नाही. आत्या डोंबिवलीला पोचल्यापासून मला रोज संध्याकाळी फोन करते, आणि रोज एकच विचारते: तिकीट काढू का?