संशोधनाचे निमंत्रण आणि करारातील कुलूप

एखाद्या कंपनीने विद्यापीठातील प्राध्यापकाकडे उपयोजित संशोधनासाठी सहकार्य मागितले की विभागात पेढे वाटले जातात. विद्यापीठाला निधी मिळतो, प्राध्यापकाला उपकरणे व सहायक मिळतात आणि ज्ञान प्रयोगशाळेबाहेर पडून समाजाच्या कामी येते, असे सांगितले जाते. हे सारे खरेही असू शकते. परंतु कंपनी विद्यापीठाकडे येते ती केवळ बुद्धीसाठी नव्हे. बुद्धी तिला पगारावरही विकत घेता येते. पगारी शास्त्रज्ञाच्या शब्दाला जी विश्वासार्हता नसते, ती विद्यापीठाच्या नावाला असते आणि कंपनीला हवे असते ते हेच नाव.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात घडलेले प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. थायरॉइड ग्रंथी पुरेसे काम करीत नसलेल्या रुग्णांना लेव्होथायरॉक्सिन नावाची गोळी बहुधा आयुष्यभर रोज घ्यावी लागते. त्या देशात या औषधाच्या बाजारात ‘सिंथ्रॉइड’ या महाग नाममुद्रेचे वर्चस्व होते. इतर उत्पादकांची तीच गोळी स्वस्त होती, पण तिचा गुण तसा नाही, असा प्रचार डॉक्टरांमध्ये चाले. १९८७ साली सिंथ्रॉइडच्या उत्पादकांनी औषधशास्त्राच्या प्राध्यापिका बेटी डाँग यांना विनंती केली की, चार उत्पादनांची तुलना करून द्यावी. त्यासाठी अडीच लाख डॉलर देण्यात आले. आपली गोळी श्रेष्ठ ठरेल, ही कंपनीची अपेक्षा उघड होती.

प्रयोगाची रीत सोपी आणि चोख होती. थायरॉइडच्या २२ रुग्ण स्त्रियांना प्रत्येकी चारही उत्पादने, सहा-सहा आठवडे, त्याच मात्रेत आणि वेगवेगळ्या क्रमाने देण्यात आली. प्रत्येक टप्प्याअखेर रक्तातील संप्रेरकाची पातळी मोजली गेली. प्रत्येक स्त्रीची तुलना स्वतःशीच होत असल्याने वय, वजन, आहार यांचे फरक निकालात शिरत नाहीत. १९९० च्या अखेरीस निष्कर्ष हाती आला. चारही गोळ्या शरीरात सारख्याच प्रमाणात शोषल्या जातात, म्हणजे एकीच्या जागी दुसरी देता येते.

येथून खरी कथा सुरू होते. ज्या कंपनीने अभ्यास मागितला होता, तीच आता अभ्यास सदोष असल्याची तक्रार विद्यापीठाच्या वरिष्ठांकडे करू लागली. विद्यापीठाने चौकशी केली, तेव्हा किरकोळ, सहज सुधारता येण्याजोग्या त्रुटींपलीकडे काही सापडले नाही. निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने परीक्षणाअंती स्वीकारला आणि जानेवारी १९९५ च्या अंकात तो छापायचे ठरले. तेव्हा कंपनीने करारातील एका कलमाकडे बोट दाखवले. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निष्कर्ष प्रसिद्ध करावयाचा नाही, असे ते कलम होते. त्यावर सही करताना वकिलाचा सल्ला घेतला गेला नव्हता. अशी अट विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांतही बसत नव्हती. तरी ती कोणाच्या नजरेस पडली नाही, किंवा पडूनही खटकली नाही. खटल्याची धमकी येताच विद्यापीठाने पाठराखण करण्याचे नाकारले आणि छपाईच्या उंबरठ्यावरून निबंध मागे घ्यावा लागला.

त्याच वर्षी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी नव्याने मांडून उलट निष्कर्ष दुसऱ्या एका नियतकालिकात छापून टाकला. लेखकांपैकी एक त्या नियतकालिकाचा सहसंपादक होता! १९९६ साली एका दैनिकाने प्रकरण उघड केले तेव्हा कंपनीला माघार घ्यावी लागली आणि मूळ निबंध एप्रिल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यायी गोळ्या वापरल्या तर अमेरिकेतील रुग्णांचे वर्षाला सुमारे ३५ कोटी ६० लाख डॉलर वाचतील, असा त्यातील अंदाज होता. निष्कर्ष तयार झाल्यापासून तो वाचकांपर्यंत पोहोचेपर्यंत सहा वर्षांहून अधिक काळ लोटला. तेवढा काळ जादा दाम रुग्णांच्या खिशातून गेले. अडीच लाखांच्या देणगीवर एवढा परतावा कोणत्या सावकाराला मिळाला असेल?

या प्रकरणात प्राध्यापिकेच्या भोळेपणावर बोट ठेवणारे पुष्कळ भेटतात. पण कंपनीपाशी कायदेतज्ज्ञांची फौज आणि प्राध्यापकापाशी फक्त लेखणी, अशा असमान करारात दोष एकट्याच्या स्वभावात शोधणे म्हणजे कुळाने वाचून न पाहता अंगठा उठवला म्हणून सावकाराला निर्दोष सोडण्यासारखे आहे. शिवाय विद्यापीठाने नियम केला होता, तो पाळण्याची जबाबदारी मात्र एका व्यक्तीवर सोडली होती.

म्हणून आपल्याकडील विद्यापीठांपुढे अशी विनंती येते तेव्हा निधीचा आकडा विचारण्याआधी शिक्षक संघटनांनी करारनामा मागावा. पेटंटच्या अर्जासाठी वा व्यापारी गुपित वगळण्यासाठी प्रकाशन ठरावीक, थोड्या काळाकरिता थांबवणे समजण्यासारखे आहे. मुदत न देता ‘लेखी संमती’ मागणारे कलम मात्र नकाराधिकारच असते. मूळ नोंदी कोणाच्या ताब्यात राहणार, प्रतिकूल निकालाचे काय होणार आणि खटला झाल्यास विद्यापीठ उभे राहणार की नाही, हे सहीपूर्वी लिहून घेतले पाहिजे. जी कंपनी ‘निकाल काहीही येवो, तो छापा’ असे लिहून द्यायला कचरते, तिला तो निकाल कसा यायला हवा आहे, हे अभ्यास सुरू होण्यापूर्वीच कळून चुकते.