ठोके मोजून मिळालेले नसतात

मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजात एका तपासणी शिबिरात आजोबा आणि नातू माझ्यासमोर येऊन बसले. नातू पोलीस भरतीची तयारी करतो, १६०० मीटर धावण्याची वेळ कमी करण्यासाठी रोज पहाटे तासभर पळतो. आजोबांची तक्रार त्याच्या पळण्याबद्दलच होती. "डॉक्टरसाहेब, देवानं ठोके मोजून देल्ले असतात. हा रोज सकायी पयून पयून ते उडवून रायला. थोडं समजावून सांगा याले." मग स्वतःचं बोट पुढे करून अभिमानाने म्हणाले, "माही नाडी अडतीस हाय. मी शंभरी पाहीन."

कोरोनाच्या काळात घरात आणलेल्या ऑक्सिमीटरवर त्यांनी हा आकडा पाहिला होता. नातवाची नाडी मी मोजली, ती ५८ भरली. म्हणजे दोघांचीही नाडी सर्वसाधारण माणसापेक्षा मंद. पण त्या दिवशी नातवाला मी पळत राहायला सांगितलं आणि आजोबांना लगेच अकोल्याला पाठवलं. असं का, हेच या लेखात सांगायचं आहे.

'श्वास मोजून मिळालेले असतात' ही आपल्याकडची जुनी समजूत. श्वासाच्या जागी आता ठोके आले आहेत. मनगटावरच्या घड्याळात नाडीचा आकडा दिसायला लागल्यापासून शिकलेली माणसंही हिशेब मांडतात, की नाडी जितकी मंद तितके आयुष्यातले एकूण ठोके कमी आणि हृदयाची झीजही कमी. हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो.

पहिली चूक अशी, की विश्रांतीची नाडी म्हणजे दिवसभराची नाडी नव्हे. आपण शांत बसलेलो किंवा पडलेलो असताना मोजलेला तो आकडा असतो. दिवसभराचे ठोके मात्र कामावर ठरतात. सोयाबीनच्या निंदणाला जाणारी एक बाई घ्या. तिची विश्रांतीची नाडी ६०. झोपेत ८ तास सरासरी ५६, शेतातल्या ८ तासांत १०० आणि घरकामाच्या उरलेल्या ८ तासांत ७८ धरली, तर दिवसाचे ठोके होतात १,१२,३२०. आता नातवाचे पळायला लागण्याआधीचे दिवस घ्या. तेव्हा त्याची विश्रांतीची नाडी ७४ होती. झोपेत ८ तास ६६ आणि जागेपणी १६ तास ८४ धरली, तर बेरीज येते तीच, १,१२,३२०. विश्रांतीच्या नाडीत १४ ठोक्यांचा फरक, पण दिवसाचा खर्च अगदी सारखा.

आता त्याचं आजचं गणित करू. पळण्याच्या एका तासात नाडी १५० धरली, तर ९,००० ठोके झाले. आजोबांना दिसतो तो एवढाच खर्च. पण सहा महिन्यांच्या सरावाने उरलेल्या २३ तासांतली नाडी खाली आली आहे. झोपेत ५२ आणि जागेपणीच्या १५ तासांत सरासरी ७२ धरली, तर दिवसाची बेरीज ९८,७६० होते. तासभर पळूनही रोजचे साडेतेरा हजार ठोके कमीच पडले. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण दिशा खरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी २०२५ मध्ये खेळाडू आणि व्यायाम न करणारे यांच्या चोवीस तासांच्या नाडीची तुलना केली. खेळाडूंची सरासरी ६८ आली आणि इतरांची ७६. म्हणजे व्यायाम धरूनही खेळाडूंचे रोजचे ठोके सुमारे साडेअकरा हजारांनी कमी होते.

मग आजोबांचा निम्मा हिशेब बरोबर ठरला का? नाही, आणि इथेच दुसरी, जास्त मोठी चूक आहे. समजा, जुन्याच गतीने कोणी ६८ वर्षं जगला, तर त्याचे एकूण ठोके २७९ कोटींच्या आसपास होतील. नव्या गतीने कोणी ७८ वर्षं जगला, तर त्याचे होतील सुमारे २८१ कोटी. मंद नाडीचा माणूस जास्त जगला, तर त्याचे एकूण ठोके कमी होतीलच असं नाही, उलट वाढूही शकतात. एकूण ठोके ही आयुष्य संपल्यावर करायची बेरीज आहे. जन्माच्या वेळी कोणी दिलेली शिल्लक नाही.

ही कल्पना विज्ञानात आली ती प्राण्यांच्या निरीक्षणातून. उंदराचं हृदय मिनिटाला सहाशेच्या आसपास धडधडतं आणि तो दोनेक वर्षं जगतो. हत्तीचं तीसच्या आसपास चालतं आणि तो साठ वर्षं जगतो. गुणाकार केला तर दोघांचेही ठोके काही डझन कोटींत, शंभर कोटींच्या आत येतात. हे पाहून १९९७ मध्ये लेव्हाइन या संशोधकाने विश्रांतीची नाडी आणि आयुर्मान यांचा संबंध मांडला. पण त्याच मांडणीत माणूस बसत नाही. आपले ठोके तीनशे कोटींच्या घरात जातात. शिवाय वेगवेगळ्या प्राण्यांना लागू पडणारा नियम एकाच जातीतल्या दोन जिवांना लागू पडेलच असं नाही. याचा पुरावा घराघरांत आहे. बायकांची विश्रांतीची नाडी पुरुषांपेक्षा सरासरी काही ठोक्यांनी जास्त असते, आणि तरीही बायका सरासरीने जास्त जगतात. ठोक्यांची शिल्लक खरी असती, तर हे उलट व्हायला हवं होतं.

तरीही विश्रांतीची मंद नाडी आणि दीर्घ आयुष्य यांचा संबंध संशोधनात वारंवार दिसतो, हे खरं आहे. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या २,७९८ पुरुषांवर सोळा वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची नाडी ५० च्या आत होती त्यांच्या तुलनेत ९० च्या वर नाडी असणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट होता. शारीरिक क्षमतेचा फरक हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. मग नाडी औषधाने खाली आणली तर आयुष्य वाढेल का? ही परीक्षाही झाली आहे. आयव्हाब्रॅडिन नावाचं औषध जवळजवळ फक्त नाडी मंद करतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या, पण हृदय कमजोर न झालेल्या १९,१०२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, तिचा निकाल २०१४ मध्ये आला. नाडी मिनिटाला दहाच्या आसपास ठोक्यांनी उतरली. म्हणजे दिवसाला सुमारे चौदा हजार ठोके 'वाचले'. पण हृदयविकाराचे झटके किंवा हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. याच औषधाचा २०१० च्या एका चाचणीत उपयोग दिसला होता, पण तो हृदय कमजोर झालेल्या आणि नाडी ७० च्या वर असलेल्या रुग्णांत. थकलेल्या हृदयाला सावकाश चालू दिलं तर फायदा होतो. बाकीच्यांचे नुसते ठोके कमी करून हाती काही लागत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. जलद नाडी बहुतेक वेळा कशाची तरी खूण असते. रक्त कमी असणं, थायरॉइडचा आजार, तंबाखू किंवा खर्रा, सतत ताप, चिंता, कमजोर होत चाललेलं हृदय, हे सगळं नाडी वाढवतं, आणि आयुष्य कमी करणारी कारणं त्यांच्यात असतात. धूर झाकला म्हणून आग विझत नाही. नातवाची नाडी उतरली ती सरावामुळे. पूर्वी त्याचं हृदय एका ठोक्यात साधारण ६८ मिलिलिटर रक्त ढकलत असेल, तर ७४ ठोक्यांत पाच लिटर होतात. आता एका ठोक्यात ८७ मिलिलिटर जात असेल, तर तेवढंच काम ५८ ठोक्यांत होतं. त्याच्या शरीराची मिनिटाला लागणारी गरज तीच आहे, फक्त प्रत्येक ठोका मोठा झाला आहे. फायदा या बदलाचा आहे. मंद आकडा त्या बदलाची निशाणी आहे.

आजोबांचा ३८ हा आकडा अशा बदलातून आलेला नव्हता. मी त्यांना मैदानात दोन मिनिटं चालवलं. निरोगी माणसाची नाडी चालल्यावर वाढते. त्यांची जागची हलली नाही. खोदून विचारलं, तेव्हा महिन्याभरात दोनदा शेतात डोळ्यांपुढे अंधारी आल्याचं त्यांनी सांगितलं. कार्डिओग्राममध्ये हृदयाचे वरचे कप्पे आपल्या गतीने आणि खालचे कप्पे स्वतःच्या मंद गतीने चालत होते. वरून येणारा विजेचा संदेश खाली पोचतच नव्हता. याला 'हार्ट ब्लॉक' म्हणतात आणि त्यावर पेसमेकर बसवावा लागतो. ज्या आकड्यावर त्यांनी शंभरीचा भरवसा ठेवला होता, तोच आकडा त्यांना केव्हाही जमिनीवर पाडू शकला असता.

म्हणून नाडी मोजा, पण नीट मोजा. सकाळी उठण्यापूर्वी, चहा आणि तंबाखूच्या आधी, अंगठा न वापरता दोन बोटांनी मनगटावर पूर्ण एक मिनिट. ठोके अनियमित असतील तर ऑक्सिमीटर आणि घड्याळ चुकतात. नाडी ६० च्या आत आहे, रोजचा व्यायाम किंवा कष्टाचं काम आहे, चालल्यावर ती वाढते आणि कसला त्रास नाही, तर काळजीचं कारण नसतं. पण नाडी ५० च्या आत असून चक्कर, अंधारी, चालताना दम किंवा पायांवर सूज असेल, तर त्याच दिवशी कार्डिओग्राम काढून घ्या. शुद्ध हरपली असेल तर थेट रुग्णालय गाठा. डॉक्टरांना आपल्या गोळ्या दाखवा. रक्तदाबाच्या अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम आणि हृदयाच्या डिगॉक्सिन या गोळ्या नाडी उतरवतात, काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही उतरवतात. मात्र या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने झटका येऊ शकतो. फवारणी केलेल्या दिवशी नाडी मंद झाली आणि लाळ, घाम, उलट्या सुरू झाल्या, तर ती विषबाधा समजून थेट रुग्णालय गाठा. आणि स्वस्थ बसल्यावरही नाडी सतत ९० च्या वर राहत असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.

पेसमेकर बसवून आजोबा परत आले, तेव्हा त्यांची नाडी ६० होती. "म्हणजे दिवसाले तीस हजार ठोके जास्त खर्च होऊन रायले," ते हिशेब करून म्हणाले. हिशेब बरोबर होता. मी विचारलं, "अंधारी येते का?" म्हणाले, "नाही जी, आता बांधापर्यंत एका दमात जातो." नातू तेव्हाही पळायलाच गेला होता.